सरांच्या निरोपाचं गाणं वर्गानं कसं बांधावं

जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक ५८ वर्षं पूर्ण झाली की त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. जन्म एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांची दाखल्यावरची जन्मतारीख १ जून आहे. खरी तारीख घरात कुणाला ठाऊक नसायची, नाव घालताना गुरुजी सोयीची तारीख टाकून मोकळे व्हायचे. त्यामुळे हे सगळे ३१ मेला निवृत्त होतात, आणि तेव्हा शाळेला सुटी असते. पोरं मामाच्या गावाला, शाळेला कुलूप. म्हणून खानदेशात निरोपाचा कार्यक्रम बहुधा एप्रिलमध्येच, वार्षिक परीक्षेच्या मागेपुढे, सकाळच्या शाळेत उरकावा लागतो. गाणं बसवायचं असेल तर मार्चच्या शेवटी कामाला लागलेलं बरं. रोज पंधरा-वीस मिनिटं दिली तर दोन आठवडे पुरतात, फक्त त्यातले पहिले तीन-चार दिवस गाण्याचे नसून लिहिण्याचे असतात.

मी इथं एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. पारोळा तालुक्यातली शाळा, सातवीचा वर्ग, तीसेक मुलं, निवृत्त होणारे सर गणिताचे. तुमच्या शाळेत मराठीच्या बाई असतील नाहीतर खेळाचे सर असतील, रीत तीच राहील.

आधी चिठ्ठ्या, मग ओळी

वर्गाला "सरांबद्दल दोन ओळी लिहा" असं सांगितलं की तीस चिठ्ठ्यांवर एकच वाक्य येतं: "सर आम्हाला खूप छान शिकवतात." पोरांचा त्यात दोष नाही, प्रश्नच पोकळ आहे. त्याऐवजी तीन प्रश्न फळ्यावर लिहा. सर दिवसातून दहादा कुठलं वाक्य म्हणतात? सरांच्या खिशात, टेबलावर किंवा गाडीला काय असतं? कुणाचं काहीतरी अडलं होतं तेव्हा सरांनी काय केलं? नाव घालायचं नाही, चिठ्ठी घडी करून द्यायची.

पहिल्या प्रश्नाला आमच्या उदाहरणातल्या अर्ध्याअधिक चिठ्ठ्यांवर थोड्याफार फरकानं एकच वाक्य आलं: "पायरी गाळू नका रे, उत्तर कुठं पळून जात नाही!" गणित सोडवताना मधल्या पायऱ्या गाळून थेट उत्तर लिहिणाऱ्यांना सर वर्षानुवर्षं हेच बजावत आले. असं वाक्य सापडलं की गाण्याचं धृपद सापडलं. सरांचं स्वतःचं वाक्य पोरांच्या तोंडून परत ऐकू येणं, यापेक्षा जास्त काही निरोपाच्या गाण्यात घालता येत नाही. बाकी सगळं त्याच्याभोवती उभं राहतं.

दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नांतून खिशातला खडू आला, जुनं घड्याळ आलं, वही विसरलेल्याला मिळणारा कोरा कागद आला. आणि एक चांगली गोष्ट आली: पावसाळ्यात गावाच्या अलीकडच्या नाल्याला पाणी आलं की मळ्यात राहणाऱ्या पोरांना सर स्वतः पलीकडे सोडून यायचे. ही गोष्ट दोघांनीच लिहिली होती, कारण मळ्यात राहणारे तेवढेच. चिठ्ठ्या मोजून बहुमतानं निवडू नका, ते याचसाठी.

काय गाळायचं त्यासाठी एक चाचणी पुरे. ओळीतलं नाव बदलून ती शेजारच्या शाळेतल्या सरांना चालते का बघा. चालली तर काढा. ज्ञानाचा सागर, दीपस्तंभ, संस्कारांची शिदोरी हे सगळं या चाचणीत आपोआप गळतं. ते सूत्रसंचालकाला ठेवा, त्यालाही काहीतरी लागतं. थट्टेचंही तसंच आहे. सरांचा विसरभोळेपणा चालेल, पण समोर त्यांच्या घरची मंडळी, सरपंच आणि केंद्रप्रमुख बसलेले असतात. सर ज्या नावानं एखाद्याला ओरडायचे ते वर्गात गमतीचं असलं तरी मांडवात नको.

आठ अक्षरांची ओळ

लहान मुलांना समूहानं म्हणायला आठ अक्षरांच्या ओळीइतकं सोपं मराठीत दुसरं काही नाही. खानदेशातल्या कानाला तर हे माप ओळखीचंच. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) कितीतरी ओळी याच मापाच्या आहेत आणि पाठ्यपुस्तकांतून पोरांनी त्या म्हटलेल्या असतात. मापाची ओळख करून द्यावी लागत नाही, फक्त मोजायला शिकवावं लागतं.

मोजणी अशी. प्रत्येक अक्षर एक. जोडाक्षर कितीही जड असलं तरी एकच, म्हणजे "वर्गात" ही तीन अक्षरं: व, र्गा, त. अनुस्वार वेगळा धरायचा नाही. शेवटचं अक्षर बोलताना अर्धवट उच्चारलं जात असलं तरी ते पूर्ण धरायचं, कारण गाताना ते पूर्णच येतं. मुलांना बोटांवर मोजू द्या, दोन्ही हातांची चार-चार बोटं संपली की ओळ संपली. पाचवीची पोरंसुद्धा एका तासात हे शिकतात आणि मग मोठ्यांच्या चुका काढत सुटतात.

आता सरांचं वाक्य मोजू. "पायरी गाळू नका रे": पा, य, री, गा, ळू, न, का, रे. बरोब्बर आठ. हे नशीब दर वेळी मिळत नाही. दुसरा तुकडा, "उत्तर कुठं पळून जात नाही", बारा अक्षरांचा. त्यातून "कुठं" गेलं तरी अर्थ राहतो, "पळून जात नाही"चं "पळत नाही" केलं तरी सरांचा सूर तोच राहतो. उरलं "उत्तर पळत नाही": उ, त्त, र, प, ळ, त, ना, ही. आठ. वाक्य लहान करताना सरांचा एकही शब्द बदलून दुसरा घातला नाही, फक्त कमी केलं. धृपदापुरता हा नियम पाळा. "उत्तर"च्या जागी कुणी "यश" सुचवेल, म्हणजे गाण्याला मोठा अर्थ येईल. नको. सर "यश" कधीच म्हणाले नव्हते, आणि "उत्तर"मध्ये तो अर्थ ऐकणारा ऐकतोच.

आठ अक्षरं जुळली म्हणजे ओळ गाता येते असं मात्र नाही. इथंच बहुतेक जण फसतात. आठ अक्षरं तीन तुकड्यांत पडली पाहिजेत आणि तुकडा शब्दाच्या पोटात पडता कामा नये. "पायरी | गाळू | नका रे", "उत्तर | पळत | नाही" हे नीट पडतात. पहिल्या कडव्यासाठी वर्गातून ओळ आली होती: "सुटल्यावरही वेळ". अक्षरं आठच, पण म्हणून बघा: "सुटल्या | वरही | वेळ". शब्द मधेच मोडला आणि ऐकणाऱ्याला "वरही" म्हणजे काय ते कळेना. तीच गोष्ट "शाळा | सुटूनही | वेळ" अशी फिरवली तेव्हा बसली. "कागद टेबलावर" ही ओळसुद्धा "टेबला" आणि "वर" अशी तुटत होती, तिची "कोरा | कागद | समोर" झाली. ओळ कागदावर तपासू नका. दोन मुलांना टाळी देत मोठ्यानं म्हणायला लावा आणि डोळे मिटून ऐका. जिथं समजायला क्षणभर थांबावं लागलं, तिथं ओळ मोडलेली असते.

यमकाची फार ओढाताण करू नका. चार ओळींच्या कडव्यात दुसरी आणि चौथी ओळ शेवटच्या अक्षराला जुळली तरी कानाला पुरतं. "घड्याळ"ला "वेळ" चालतं. यमकासाठी "असती", "नसती", "गमे" असली पुस्तकी रूपं घालण्यापेक्षा यमक सोडलेलं बरं. पोरं "जुनं", "आलं" म्हणतात, गाण्यातही तेच ठेवा.

सगळं मिळून गाणं असं झालं:

पायरी गाळू नका रे
उत्तर पळत नाही

खिशात खडू पांढरा
हातात जुनं घड्याळ
घंटेच्या आधी वर्गात
शाळा सुटूनही वेळ

वही विसरली जर
कोरा कागद समोर
नाल्याला पाणी आलं की
सर होते बरोबर

सर, आता घरी जाल
गाडी लावा अंगणात
आम्हना गावले आते
तुम्ही कव्हय येशात?

शेवटच्या दोन ओळी अहिराणी आहेत: आता आमच्या गावाला तुम्ही केव्हा येणार? सर बाहेरगावचे, रोज गाडीनं ये-जा करणारे, म्हणून हा प्रश्न त्यांनाच लागू पडतो. अहिराणी पूर्ण गाण्यात भरू नका. दोनच ओळी आल्या तर मांडवातल्या आजीबाया मान वर करतात, सगळंच अहिराणी झालं तर तो विनोदी कार्यक्रम वाटायला लागतो. हे बरं नाही, पण तसं होतं खरं. आणि ओळी लिहिल्यावर त्या वर्गातल्या पोरांच्या आज्यांना म्हणून दाखवा. अहिराणी दर दहा कोसांवर बदलते, तुमच्या गावात "आम्हना"चं "आमना" असेल, शेपटाला दुसराच प्रत्यय असेल. आजी म्हणेल ते धरा, फक्त अक्षरं पुन्हा मोजा. रावेर-यावलकडे लेवा बोली येईल, नंदुरबारच्या सातपुड्यात भिलोरी किंवा पावरी. तिथं शिक्षकानं स्वतः ओळ बनवायला जाऊ नये, मुलांकडूनच घ्यावी.

चाल

सिनेमातल्या गाण्याची चाल घेण्याचा मोह होतो आणि पहिल्या दिवशी ती सोपीही वाटते. अडचण अशी की त्या चालीत मूळ शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ रुतून बसलेले असतात. आपले शब्द त्यात कोंबले की "खडू"चा "खाडू" होतो. शिवाय ऐकणारे मनात मूळ गाणंच म्हणायला लागतात. गावातल्या भजनी मंडळाकडे आठ अक्षरी अभंग-ओव्यांच्या पाच-सहा तरी चाली असतात, त्यातली एक मागून घ्या. तीही नको असेल तर पुढची पाच सुरांची चाल घ्या. ती मी वर्गापुरती बांधलेली आहे, कुणाचीही परवानगी लागत नाही.

ताल केरवा, आठ मात्रांचा. एक ओळ दोन आवर्तनांत, म्हणजे सोळा मात्रांत. पहिल्या बारा मात्रांत आठ अक्षरं येतात, तेराव्या-चौदाव्या मात्रेला शेवटचं अक्षर लांबवायचं, आणि पंधरावी-सोळावी श्वासाला मोकळी. या दोन मोकळ्या मात्रा सगळ्यात महत्त्वाच्या. आठ अक्षरं आठ मात्रांत ठोकली तर श्वासाला जागाच उरत नाही. मग तिसऱ्या ओळीपर्यंत अर्धा वर्ग गप्प होतो आणि तुम्हाला वाटतं पोरं विसरली.

पा ऽ य री | गा ऽ ळू ऽ | न का ऽ रे | ऽ ऽ – –
सा ऽ रे ग | प ऽ ग ऽ | रे ग ऽ ग | ऽ ऽ – –

उ ऽ त्त र | प ळ ऽ त | ना ऽ ही ऽ | ऽ ऽ – –
प ऽ ध प | ग रे ऽ ग | रे ऽ सा ऽ | ऽ ऽ – –

पहिली ओळ गंधारावर थांबते, म्हणजे अर्धवट राहिल्यासारखी वाटते. दुसरी षड्जावर येऊन पूर्ण होते. कडव्यांनाही हीच दोन ओळींची चाल दोनदा वापरायची. अक्षरं बदलली की ओढ कुठं द्यायची ते तुकड्यांवरून कळतं, प्रत्येक तुकडा चार मात्रांचा. "खिशात | खडू | पांढरा" मध्ये "खडू"ची दोनच अक्षरं आहेत, तर "डू" तीन मात्रा लांबवायचा. "बरोबर"ची चार आहेत, तर प्रत्येकाला एक मात्रा. ओढ नेहमी दीर्घ अक्षराला, "खडू"तल्या "ख"ला कधीच नाही. "जर"सारखा शब्द आला तर दोन्ही अक्षरं ऱ्हस्व, तिथं "ज" दोन मात्रा धरावा, इलाज नाही.

मिनिटाला साधारण १६० मात्रांची गती ठेवली तर एक ओळ सहा सेकंदांची होते. धृपद प्रत्येक वेळी दोनदा म्हटलं, सुरुवातीला एकदा आणि तिन्ही कडव्यांनंतर एकेकदा, तरी गाणं पावणेतीन-तीन मिनिटांत संपतं. याहून लांबवू नका. चौथं कडवं सुचेल, मुख्याध्यापक स्वतः लिहून आणतील. त्यांना नम्रपणे सांगा की ते निवेदनात वाचू.

पट्टी

शाळेत गाणी बसवताना सर्वांत जास्त चुकतं ते हे. बसवणारे सर पुरुष असतात, ते आपल्या सोयीच्या सुरात सुरुवात करतात, आणि पोरं त्यांच्या सुरात सूर मिळवायला खाली खाली जातात. मग गाणं गुणगुणल्यासारखं येतं, शब्द घशातच राहतात. दहा ते तेरा वर्षांच्या मुलांना पेटीवर मधल्या सप्तकातली पांढरी दोन षड्ज म्हणून द्या. या चालीत सर्वांत वरचा सूर धैवत आहे, पांढरी दोनवरून तो त्या वयाला ओरडावं न लागता येतो. पेटी नसेल तर मोबाइलवरचा तानपुरा त्याच पट्टीत लावा. भजनी मंडळाची पेटी आणली तर वाजवणारे काका सवयीनं आपल्या गळ्याची पट्टी धरतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

पट्टी बरोबर आहे का ते ओळखायला पेटीची गरज नाही. "सा"वर येणारा "नाही" शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आला पाहिजे. तो विझत असेल तर पट्टी खाली आहे, अर्धा-एक सूर वर घ्या. "उत्तर"मधल्या "त्त"ला पोरांच्या माना वर होत असतील, गळ्याच्या शिरा दिसत असतील, तर पट्टी वर आहे.

सुरुवात करून द्यायला मोठ्या माणसाचा आवाज वापरू नका. सूर पक्का असलेली एखादी मुलगी निवडा, तिनं "पायरी गाळू नका रे" एकटीनं म्हणायचं, दुसऱ्या ओळीला वर्गानं उचलायचं. सातवी-आठवीत दोन-चार मुलांचा आवाज फुटायला लागलेला असतो. त्यांना बाजूला काढू नका आणि "हळू म्हण" असंही सांगू नका, त्यानं ते ओठच हलवत बसतात. त्यांना खालच्या सप्तकात फक्त धृपद द्या, नाहीतर टाळ द्या. टाळांची एकच जोडी पुरते. ढोलकी असलीच तर हातानं, हलक्या ठेक्यात. पत्र्याच्या शेडमध्ये जोराची ढोलकी तीस पोरांचा आवाज सहज गिळते.

बसवताना

पहिले दोन दिवस सूर लावूच नका. टाळी देत, मोकळ्या दोन मात्रांना हात उघडून, शब्द नुसते बोलायचे. हात उघडला की श्वास घ्यायचा. ही सवय अंगात गेली की पुढचं निम्मं काम होतं. मग धृपद सुरात, नंतर रोज एक कडवं. कागद हातात देऊ नका, ऐकून पाठ होऊ द्या. कागद दिला की माना खाली जातात, आवाज कागदात जातो. घरी सराव करायला मोबाइलवर एकदा नीट म्हटलेलं ध्वनिमुद्रण वर्गाच्या ग्रुपवर टाकता येतं, पण त्याच ग्रुपमध्ये सर नाहीत ना ते आधी बघा!

गुपित राखायचं तर सराव सर शाळेत नसताना. केंद्राची शिक्षण परिषद असते त्या दिवशी सर बाहेर असतात, तो दिवस तालमीला धरा. बाकी दिवशी मधल्या सुटीनंतर दुसऱ्या वर्गाच्या खोलीत. खरं सांगायचं तर सरांना कुणकुण लागतेच, पण धृपद त्यांचंच वाक्य आहे हे कळलं नाही म्हणजे झालं. म्हणून उघड्या पटांगणात कडवी म्हणा, धृपद दार लावून.

गती वाढत जाणं हा हमखास होणारा बिघाड. पोरांना जाणवत नाही, बसवणाऱ्यालाही जाणवत नाही. मोबाइलवर पहिलं धृपद आणि शेवटचं धृपद किती सेकंदांचं झालं ते मोजा. दोनदा म्हटलेल्या धृपदाला चोवीस सेकंद लागायला हवेत. शेवटचं वीसच्या खाली आलं तर कुठंतरी मोकळ्या मात्रा खाल्ल्या गेल्यात, गती कमी करा म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. मोकळ्या मात्रांना टाळकऱ्यानं एकट्यानं टाळ वाजवायचा, दोनदा. टाळ ऐकल्याशिवाय पुढची ओळ सुरू नाही. गाडी आपोआप रुळावर येते.

वाटणी सोपी ठेवा. कडव्याच्या पहिल्या दोन ओळी मुलींनी, पुढच्या दोन मुलांनी, धृपद सगळ्यांनी. नाल्याच्या ओळी मात्र मळ्यातल्या पोरांनाच द्या. आणि अहिराणी ओळी एकाच मुलानं किंवा मुलीनं, ताल थांबवून, जरा बोलल्यासारख्या म्हणाव्यात. लगेच टाळ सुरू करून सगळ्यांनी धृपद उचलायचं. शेवटी "उत्तर पळत नाही" तीनदा, तिसऱ्यांदा "नाही"वर संपवायचं.

याच जागेला वर्ग रडतो. रडू नका असं सांगून उपयोग नाही. उपाय व्यवहारी आहे: सहावीतली चार-पाच पक्क्या आवाजाची मुलं मागच्या रांगेत उभी करा. त्यांचा सरांशी लळा कमी म्हणून नव्हे, पुढच्या वर्षी त्यांना शाळेत राहायचंच आहे म्हणून ती कमी रडतात. त्यांना फक्त धृपद पाठ असलं तरी गाणं तुटत नाही. तालमीतच एखादी मुलगी अहिराणी ओळीला अडखळायला लागली तर तिला बदलू नका, तिच्या जोडीला दुसरी द्या.

कार्यक्रमाच्या दिवशी

एप्रिलमध्ये जळगाव-धुळ्याकडे दहाच्या पुढे मांडवात बसवत नाही. आठला सुरू झालेला कार्यक्रमही भाषणांनी अकरापर्यंत ताणला जातो, तोवर पोरांचे घसे कोरडे. गाण्याची जागा आधीच पक्की करून घ्या: शाल-श्रीफळ झालं की गाणं, मग सरांचं मनोगत. मनोगतानंतर ठेवलं तर निम्मी मंडळी जेवणाच्या पंगतीकडे वळलेली असतात. मनोगताआधी ठेवलं तर सरांना गाण्याला उत्तर देता येतं, आणि बहुतेक सर लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवतात.

मुलांना स्टेजवर चढवू नका. स्टेजवर सर पाहुण्यांसोबत समोर तोंड करून बसलेले असतात, पोरं त्यांच्यापुढे उभी राहिली तर सरांना तीस पाठी दिसतात. पोरं खाली, स्टेजच्या समोर, सरांकडे तोंड करून उभी करा. गावकऱ्यांना पाठ दिसेल, दिसू द्या. गाणं कुणासाठी आहे ते ठरलेलं आहे.

माइक एकच पुरे. तो पहिल्या रांगेच्या पुढे तीन-चार फुटांवर, पोरांच्या छातीच्या उंचीला, स्टँडवर. कुणाच्या हातात दिला की त्या एकाचंच गाणं ऐकू येतं. आणि साउंडवाल्या भाऊला आधी जाऊन सांगा: एको बंद. लग्नाच्या ऑर्केस्ट्राची सवय असल्यानं तो एको भरून ठेवतो आणि आठ अक्षरांच्या ओळीचे सोळा तुकडे होऊन परत येतात. एको असताना "पायरी" नुसतं "री री री" ऐकू येतं. तो "थोडा ठेवतो" म्हणेल. नाही, पूर्ण बंद.

गाण्याच्या दहा मिनिटं आधी पोरांना माठातलं पाणी पाजा, बर्फाचं नको. ओळीनं उभं करताना सुरुवात करणारी मुलगी आणि टाळकरी यांना एकमेकांचं तोंड दिसेल असं उभं करा. लाइट कधीही जाऊ शकते, म्हणून शेवटची एक तालीम माइकशिवाय, पेटीशिवाय, नुसत्या टाळांवर घेतलेली असू द्या. त्या तालमीत सर्वांत मागच्या भिंतीपाशी एकाला उभं करा आणि धृपदातले शब्द त्याला लिहायला सांगा. सोळाही अक्षरं त्याच्या कागदावर आली तर गाणं तयार आहे.

न वापरलेल्या चिठ्ठ्या टाकू नका. त्यांना भोक पाडून दोऱ्यात ओवा आणि गाणं झाल्यावर वर्गमंत्र्याच्या हातून सरांना द्या. त्याआधी एकदा सगळ्या वाचून घ्या, एखाद्यात सरांच्या खिशातल्या तंबाखूच्या पुडीचाही उल्लेख असतो.